शिक्क्याचा फोटो आला, आता वाचायचा कसा?

लग्नसराई जवळ आली की आपल्या मंडळाच्या गटावर दागिन्यांच्या शिक्क्यांचे फोटो यायला लागतात. बांगडीच्या आतल्या बाजूचा किंवा साखळीच्या फाशाचा फोटो, आणि खाली एकच प्रश्न: "हे खरं आहे का?" यंदा त्यात दोन अफवांची भर पडली. एक म्हणजे, शिक्का नसलेले जुने सोने आता विकताच येणार नाही. दुसरी म्हणजे, चांदीलाही शिक्का सक्तीचा झाला, तेव्हा हुपरीचे पैंजण लवकर मोडून टाका. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पण अशा अफवांपायी घाईने मोड झाली तर नुकसान आपल्याच घराचे होते. म्हणून नियम नेमका काय आहे, फोटोवरून काय वाचता येते आणि कुठे थांबावे लागते, हे एकदा नीट मांडत आहोत.

आधी नियम. सोन्याच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा, हॉलमार्क २००० सालापासून आहे, पण तेव्हा तो सराफाच्या इच्छेवर होता. २३ जून २०२१ च्या आदेशाने तो ठरावीक जिल्ह्यांत सक्तीचा झाला. सुरुवातीला असे २५६ जिल्हे होते, पुढे टप्प्याटप्प्याने ते वाढत गेले. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक दागिन्याला स्वतःचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, देणे सुरू झाले. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या जिल्ह्यांत या क्रमांकाशिवाय नवा दागिना विकायला सराफाला मनाई झाली. अगोदर जाहीर केलेला साठा संपवायला काही सराफांना जूनअखेरपर्यंत मुदत मिळाली होती. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने, कुंदन-पोलकी-जडावाचे काम आणि वर्षाची उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असलेले छोटे सराफ यांना यातून सूट आहे.

हा नियम विकणाऱ्या सराफावर आहे, दागिना बाळगणाऱ्या गिऱ्हाइकावर नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट. आजीच्या पाटल्यांवर शिक्का नसला तरी त्या तुम्ही ठेवू शकता, मोडू शकता, सराफाला विकू शकता आणि सराफही त्या विकत घेऊ शकतो. चार किंवा पाच चिन्हांचा जुना हॉलमार्क असेल तर तोही बाद झालेला नाही. चांदीचे म्हणाल तर १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही ओळख क्रमांकाचा हॉलमार्क मिळू लागला, पण तो ऐच्छिक म्हणून. पैंजण मोडायची घाई करायचे काही कारण नाही.

हॉलमार्क केंद्र सरकारच्या संस्थेचा असल्याने बेळगावात घेतलेला दागिना, कोल्हापूरच्या गुजरीतला आणि गोव्यातला, तिघांवरची चिन्हे सारखीच असतात. आपण सीमेच्या अलीकडे राहतो आणि खरेदीला पलीकडेही जातो, म्हणून हे लक्षात ठेवायचे. बिल कानडीत असो की मराठीत, शिक्का एकच.

तीन चिन्हे

आजच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. शुद्धता 22K916 अशी लिहिलेली असते. बावीस कॅरट, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. अठरा कॅरटला 18K750, चौदाला 14K585. सोने महाग होत गेले तशी कमी कॅरटच्या दागिन्यांना मागणी वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये नऊ कॅरट, म्हणजे ३७५ भाग सोने, हाही प्रकार हॉलमार्कच्या यादीत आला. तेव्हा त्रिकोण दिसला की बावीस कॅरटच असणार असे धरून चालू नका. त्रिकोणाशेजारचा आकडा वाचा.

२०२१ आधीच्या दागिन्यावर सहाचा क्रमांक नसतो. त्याऐवजी त्रिकोण, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण असते. २०१७ पूर्वीच्या दागिन्यावर त्यातच वर्ष दाखवणारे एक इंग्रजी अक्षर मिळते. A म्हणजे २०००, B म्हणजे २००१, असे ते पुढे जाते. त्यामुळे २०१० साली घेतलेल्या बांगडीवर सहा आकडी क्रमांक नाही म्हणून घाबरू नये. उलट, घरच्यांच्या आठवणीप्रमाणे २०१० सालची असलेल्या बांगडीवर सहाचा क्रमांक दिसला, तर एकतर आठवण चुकली आहे किंवा बांगडीवर नंतर शिक्का मारला गेला आहे.

याखेरीज जे काही कोरलेले असते ते हॉलमार्क नव्हे. नुसते 916, नुसते 22K, सराफाची आद्याक्षरे किंवा KDM, हे सगळे विकणाऱ्याचे म्हणणे झाले. KDM हा शुद्धतेचा शिक्का असल्याचा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. खरे तर ती डागाची, म्हणजे जोडकामाची, खूण. पूर्वी डागासाठी सोन्यात तांबे-चांदी बरीच मिसळत, त्यामुळे जोडाच्या जागी शुद्धता उतरायची. कॅडमियम वापरले की ९२ भाग सोन्याला ८ भाग कॅडमियम पुरे होई आणि जोडही जवळपास बावीस कॅरटचाच राही. पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक, म्हणून ते मागे पडले. बाकीचा दागिना किती कॅरटचा आहे याबद्दल ती तीन अक्षरे काहीच सांगत नाहीत.

आखातातून सुट्टीवर आलेल्या मंडळींच्या दागिन्यांवर 21K किंवा 875 दिसते. तिकडे एकवीस कॅरट नेहमीचे आहे. भारताच्या आजच्या यादीत एकवीस कॅरट नाही, म्हणून तो दागिना खोटा ठरत नाही. इथे मोडताना त्याला बावीसचा भाव मिळणार नाही, एवढेच.

एका घरातली वाटणी

निपाणी भागातल्या आपल्या एका सभासद कुटुंबात आई गेल्यानंतर तीन बहिणींमध्ये दागिन्यांची वाटणी व्हायची होती. एक बहीण गावात, एक बेळगावात आणि धाकटी पुण्यात. दागिने होते तीन: वीस-वीस ग्रॅमच्या दोन पाटल्या, पंधरा ग्रॅमची एक साखळी आणि आईला तिच्या सासूने दिलेली बोरमाळ, वजन साडेअठरा ग्रॅम. पाटल्या आणि साखळीवर 916 दिसत होते, बोरमाळेवर काहीच नव्हते. "शिक्क्याचे ते खरे" असे धरून पाटल्या थोरलीला, साखळी मधलीला आणि बोरमाळ वर थोडे पैसे घालून धाकटीला, असे ठरत आले होते. धाकटीने फोटो मागवले आणि ते आमच्याकडे पाठवले. कुणाच्या मनात काळेबेरे नव्हते, पण चुकीच्या आकड्यावर वाटणी झाली असती तर पुढे मनात राहिले असते.

पहिले फोटो काही कामाचे नव्हते. फ्लॅश टाकून अगदी जवळून काढल्यामुळे पाटली पांढरी चमकत होती आणि शिक्क्याच्या जागी नुसता डाग दिसत होता. हॉलमार्क लेझरने कोरलेला असतो, त्याच्या रेषा उथळ आणि अक्षरे अगदी बारीक. समोरून उजेड पडला की सोने आरशासारखे चमकते आणि रेषा बुडतात. उजेड बाजूने, तिरपा हवा, म्हणजे रेषेच्या खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते.

आम्ही त्यांना सांगितले ते असे. पाटली कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन कोरडी करा. टूथपेस्ट लावून घासू नका, त्याने उथळ रेषा झिजतात. खिडकीशी राखाडी किंवा पांढऱ्या कागदावर ती ठेवा. मोबाइल अंगाला भिडवू नका, एक वीतभर लांब धरा आणि दुप्पट झूम करा, कारण फार जवळ गेले की कॅमेऱ्याला नेम धरता येत नाही. शिक्क्यावर बोट टेकवून नेम पक्का करा आणि पडद्यावरचा उजेड थोडा कमी करा. सराफाचे किंवा घड्याळजीचे भिंग मिळाले तर ते लेन्ससमोर धरा. एकावर भागवू नका, पाटली थोडी-थोडी फिरवत पाच-सहा फोटो काढा, कारण एका फोटोत जे अक्षर बुडते ते दुसऱ्यात वर येते. सेल्फीचा कॅमेरा तर वापरूच नका, त्यात अक्षरे उलटी येण्याची शक्यता असते.

दुसऱ्या दिवशी आलेल्या फोटोत पहिल्या पाटलीवरचा त्रिकोण आणि 22K916 स्पष्ट दिसले. क्रमांक धाकटीने 9N8XH6 असा वाचला. (क्रमांक इथे बदलून दिला आहे, पण घोळ तसाच झाला होता.) `BIS CARE` या बीआयएसच्या मोबाइल ॲपमध्ये `Verify HUID` वर जाऊन तो टाकला, तर नोंद सापडेना. घरात लगेच कुजबुज सुरू झाली.

चूक वाचण्याची होती. 916 हा आकडा उलटा धरला तरी 916 असाच दिसतो. कागदावर लिहून कागद फिरवून बघा. म्हणजे पाटली उलटी धरली आहे हे 916 कडे बघून कळतच नाही. क्रमांकातही H, N, X ही अक्षरे उलटी केली तरी तशीच राहतात, आणि 6 चा 9 होतो. दिशा ठरवायची ती K वरून: K चा उभा दांडा डावीकडे आणि दोन फांद्या उजवीकडे आल्या म्हणजे दागिना सरळ. फोटो फिरवला तर क्रमांक 9HX8N6 असा झाला. तोही सापडेना. मग पाचही फोटो शेजारी ठेवून ते मधले अक्षर पाहिले. एका फोटोत त्याची डावी कड सरळ दिसत होती. तो 8 नव्हता, B होता. 9HXBN6 टाकताच नोंद उघडली.

म्हणून "क्रमांक सापडला नाही" याचा पहिला अर्थ "दागिना खोटा" असा लावू नका. 8 आणि B, 5 आणि S, 2 आणि Z, 0 आणि O या जोड्या बारीक लेझर अक्षरात सहज फसवतात. दिशा तपासा, मग संशयाचे एक-एक अक्षर बदलून बघा. तरीही नोंद मिळाली नाही तर दागिना हातात घेऊन भिंगाखाली वाचा. फोटोवरून निकाल द्यायचा नाही.

नोंद सापडली, पुढे?

इथे बरेच जण थांबतात. खरे काम इथून पुढे आहे. ॲपवर दागिन्याचा प्रकार, शुद्धता, शिक्का मारल्याची तारीख, तपासणी केंद्र आणि ज्या सराफाने दागिना तपासणीला दिला त्याची नोंदणी एवढे दिसते. ते हातातल्या दागिन्याशी ताडून बघायचे. पाटलीच्या नोंदीत प्रकार बांगडी होता, शुद्धता 22K916 होती, आणि शिक्क्याची तारीख २०२२ सालच्या बिलाच्या तारखेआधी पंधरा दिवसांची होती. सगळे जुळले. सराफाचे नाव मात्र बिलावरच्या दुकानाचे नव्हते. त्याने बिचकायचे कारण नाही, कारण दुकानदार शिक्का मारलेला माल घाऊक व्यापाऱ्याकडूनही घेतो. दुसऱ्या पाटलीचा क्रमांक वेगळा होता आणि तोही जुळला. जोडीतल्या दोन्ही नगांवर एकच क्रमांक दिसला असता तर विचारपूस करावी लागली असती, कारण क्रमांक एका नगाचा असतो.

ताडून बघण्याचे कारण असे. क्रमांक खोटा बनवायला कष्ट पडतात, पण खरा क्रमांक उचलून दुसऱ्या दागिन्यावर कोरणे सोपे. लेझरचे यंत्र आज कुणालाही मिळते. अशा वेळी ॲप नोंद दाखवते, ती खरी असते, पण दुसऱ्याच दागिन्याची असते. क्रमांक अंगठीचा आणि हातात साखळी, क्रमांक अठरा कॅरटचा आणि शिक्का बावीसचा, किंवा शिक्क्याची तारीख बिलानंतरची, अशा विसंगतीतूनच ते उघडे पडते. याचसाठी आमची विनंती आहे की वाचता येईल असा क्रमांकाचा फोटो मोठ्या गटावर टाकू नका. ज्याला विचारायचे त्याला एकट्याला पाठवा.

साखळीची गोष्ट निराळी. साखळीवर शिक्का मारायला जागा नसते, म्हणून तो फाशावर किंवा शेवटच्या छोट्या पट्टीवर असतो. फोटोत 916 होते, शेजारी दोन आद्याक्षरे आणि KDM. त्रिकोण नव्हता, क्रमांक नव्हता, केंद्राची खूणही नव्हती. अक्षरांच्या कडांना धातू किंचित वर उचललेला दिसत होता, म्हणजे हा ठोकलेला ठसा होता, लेझरचा नव्हे. साखळी पंधरा-एक वर्षांपूर्वीची, बिल हरवलेले. फोटोवरून सांगता आले ते एवढेच: हा हॉलमार्क नाही. साखळी कमी कसाची आहे असे फोटोवरून म्हणता येत नव्हते, चांगली आहे असेही नाही.

शिवाय साखळीला खरा हॉलमार्क असता तरी एक गोष्ट बघावी लागली असती. शिक्का फाशावर असतो आणि फासा बदलता येतो. जुन्या तुटलेल्या साखळीचा शिक्क्याचा फासा दुसऱ्या साखळीला जोडणे अवघड नाही. फासा आणि पहिली कडी यांच्यामधल्या जोडाचा फोटो मागवा. तिथे डागाचा वेगळा रंग किंवा फुगीर ठिपका दिसला तर साखळी तपासून घ्यावी. दुरुस्ती झाली असेल तरीही तसा डाग दिसतो, म्हणून तो पुरावा नव्हे, तपासणीचे कारण आहे.

शिक्का संपतो तिथे तपासणी

तिघी बहिणींनी साखळी बीआयएस-मान्य तपासणी केंद्रात नेली. ही सोय सामान्य माणसालाही आहे. २०२३ साली जाहीर झालेले दर असे होते: चार नगांपर्यंत दोनशे रुपये, पाच किंवा अधिक नग असतील तर नगाला पंचेचाळीस. केंद्राकडून लेखी अहवाल मिळतो. बहुतेक वेळा आधी क्ष-किरण यंत्राखाली दागिना ठेवतात. त्याला ओरखडाही पडत नाही आणि काही मिनिटांत आकडा येतो. पण हे यंत्र वरच्या थरापुरतेच बघते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. वर जाड मुलामा असेल तर ते फसू शकते.

खरा निकाल भट्टीचा. थोडे सोने खरवडून तोलतात, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र कुपीत तापवतात. शिसे आणि तांबे कुपीत मुरते, वर सोन्या-चांदीचा मणी राहतो. नायट्रिक आम्लात त्यातली चांदी विरघळते आणि शुद्ध सोने उरते. ते पुन्हा तोलले की हजारात किती ते कळते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची (आपले खानापूर नव्हे) गलाई मंडळी देशभरच्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळत आली, त्यांच्या विद्येच्याच नात्यातली ही रीत. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्ल लावणारा आपल्याकडचा जुना सराफही अंदाज बरा सांगतो, पण तोही पृष्ठभागाचाच.

साखळीचा कस आला ८३८. हिशोब साधा आहे. पंधरा ग्रॅमला ९१६ प्रमाणे १३.७४ ग्रॅम शुद्ध सोने हवे होते, निघाले १२.५७. म्हणजे एक ग्रॅमहून थोडे अधिक कमी. मधल्या बहिणीच्या वाट्याला ते कमी जाणार होते, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते.

इथे खऱ्या हॉलमार्कचा उपयोग कळतो. हॉलमार्क असलेला दागिना तपासणीत कमी भरला, तर २०१८ च्या बीआयएस नियमांप्रमाणे जेवढी शुद्धता कमी त्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळू शकतो. समजा वीस ग्रॅमची बांगडी 22K916 म्हणून घेतली आणि कस आला ८७५. हजारात ४१ कमी, वीस ग्रॅममध्ये ०.८२ ग्रॅम. भरपाई १.६४ ग्रॅमच्या किमतीची. नुसत्या 916 आणि KDM वर हा हक्क सांगता येत नाही, आणि बिल नसले की विकणाऱ्यापर्यंत पोहोचणेच कठीण.

राहिली बोरमाळ. तिच्यावर शिक्का नाही, कारण ती हॉलमार्कच्या कितीतरी आधीची. फोटोत एका मण्याला बारीक चीर होती आणि चिरेतून तांबूस-काळे काही दिसत होते. ती लाख. बोरमाळेचे, ठुशीचे, कोल्हापुरी साजाचे मणी बरेचदा पातळ पत्र्याचे असून आत लाख भरलेली असते. म्हणजे साडेअठरा ग्रॅम हे सोन्याचे वजन नव्हेच. क्ष-किरण यंत्राने पत्र्याचा कस चांगला दाखवला, पण पत्रा किती आणि लाख किती हे मणी फोडल्याशिवाय कळणार नव्हते. तिघींनी तो फोडायचा नाही असे ठरवले. बोरमाळ वजनाच्या हिशोबातून काढली आणि ती आळीपाळीने तिघींकडे राहील असे ठरले. पाटल्यांतले ३६.६४ ग्रॅम आणि साखळीतले १२.५७ ग्रॅम शुद्ध सोने मिळून वाटणी झाली, फरक पैशाने भरून निघाला.

नव्या खरेदीतही हेच लक्षात ठेवायचे. बिलावर प्रत्येक नगाचे नाव, सोन्याचे निव्वळ वजन, कॅरटसह शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहून घ्या. खडे, मोती, लाख यांचे वजन सोन्यात धरलेले नाही ना, ते बघा. "तोळा" म्हटले तर दहा ग्रॅमचा की ११.६६ ग्रॅमचा, तेही विचारा. आपल्या पेठांत दोन्ही बोलले जातात.

चांदीचे काय

चांदीच्या शिक्क्यात त्रिकोणासोबत SILVER हा शब्द, मग शुद्धतेचा आकडा आणि सहाचा क्रमांक असतो. आकडा 800 पासून 999 पर्यंत वेगवेगळा असू शकतो. पैंजणावर नुसते 925 कोरलेले असेल तर ते सोन्यावरच्या नुसत्या 916 सारखेच, विकणाऱ्याचे म्हणणे. दोनशे ग्रॅमच्या पैंजणात 925 असेल तर १८५ ग्रॅम चांदी असते, 800 असेल तर १६०. पैंजणाला, जोडव्याला कमी टंचाची चांदी वापरणे ही फसवणूक नव्हे. शुद्ध चांदी मऊ, रोजच्या वापरात ती वाकते. पण भाव त्या टंचाचा द्यायचा, आणि मोडताना त्याच टंचाचा धरला जाणार हे घेतानाच विचारून ठेवायचे. हुपरीहून थेट आणता म्हणून बिल घ्यायचे टाळू नका.

तक्रारीची वेळ आलीच तर सीमेची अडचण होत नाही. `BIS CARE` मधूनच तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीत आणि कानडीतही ऐकतो. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. कोल्हापुरात घेतलेल्या बांगडीसाठी निपाणीच्या माणसाने कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही, बेळगावच्या आयोगातही जाता येते. त्यासाठी बिल आणि केंद्राचा अहवाल मात्र हाती हवा.

धाकटीने नंतर विचारले, फोटोवरूनच सगळे कळले असते तर किती बरे झाले असते. फोटोने पाटल्यांचा प्रश्न मिटवला, साखळीबद्दल संशय दाखवला आणि बोरमाळेतली लाख दाखवली. साखळीचा कस भट्टीशिवाय कळला नसता आणि बोरमाळेतले सोने अजूनही कळलेले नाही. सध्या बोरमाळ थोरलीकडे आहे. पुढच्या वर्षीच्या चैत्रगौरीला ती बेळगावला जाईल.